एका कवितेचे तीन अर्थ आणि ४ गुण

प्रश्न: मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. नववीच्या सहामाहीला आम्ही आमच्याच एका सरांनी लिहिलेली दहा ओळींची कविता अपठित म्हणून दिली. खाली ‘होडी कशाचे प्रतीक आहे ते स्पष्ट करा’ असा ४ गुणांचा प्रश्न होता. मुलांनी तीन तऱ्हेचे अर्थ लावले. मी आणि दुसऱ्या तुकडीच्या बाईंनी त्याच प्रकारच्या उत्तरांना अगदी वेगळे गुण दिलेत. कवी सर म्हणतात, ‘माझ्या मनात एकच अर्थ होता, बाकी चूक.’ एक पालक विचारायला येऊन गेले. बरोबर अर्थ कोणता धरायचा, आणि गुण कसे द्यायचे? कविता आणि तीन उत्तरं सोबत देते आहे.

पुळणीवर उपडी होडी,
अंगावर सुक्या झापांचं पांघरूण.
आई रोज खुंट्या बघते,
एक दोर थोडा सैल करते.
आषाढ गेला, पुनव झाली,
शेजारच्या होड्या पाण्यात उतरल्या.
आईनेही नारळ आणला होता,
दर्याला न देता देव्हाऱ्यात ठेवला.
होडीच्या पोटाखाली
कोंबडी अंड्यांवर बसली आहे.

उत्तर:

बाई, बरोबर अर्थ एकच धरायचा नाही. पण ‘कवितेत काय, काहीही चालतं’ असंही नाही. तुमच्या कवितेत निदान तीन अर्थ नीट उभे राहतात आणि निदान एक अर्थ साफ पडतो. कोणता उभा राहतो आणि कोणता पडतो हे या दहा ओळींनी ठरवायचं. सरांच्या मनाने नाही, आणि तुमच्या-माझ्या मनानेही नाही.

सरांचा मुद्दा आधी बाजूला काढू, कारण एरवी अशी वेळ येत नाही. कवी सहसा दूर असतो, इथे तो शिक्षकखोलीत चहा पितोय. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी सांगितलं तर ऐकावं, मलाही उत्सुकता आहे. पण परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांसमोर सर नव्हते, कागदावरच्या ओळी होत्या. मुलाने वाचला तो कागद, तेव्हा तपासायचाही कागदच. सरांना जे सांगायचं होतं ते ओळींत उतरलं असेल तर पुरावा देणाऱ्या मुलाला ते सापडेलच. उतरलं नसेल तर त्याचा भुर्दंड मुलाने का भरायचा?

आता प्रश्नाकडे येते, कारण निम्मा गोंधळ तिथेच झालाय. ‘होडी कशाचे प्रतीक आहे’ असं विचारलं की मूल एक शब्द शोधायला लागतं. दुःखाचं, आशेचं, जीवनाचं, संघर्षाचं. गाईडं वाचून तयार झालेल्या मुलाच्या खिशात हे चार शब्द कायम असतात, कविता कुठलीही असो. प्रश्नातच ‘प्रतीक आहे’ म्हटलं म्हणजे एक ठरलेलं उत्तर शिक्षकाकडे आहे आणि ते ओळखायचंय, असं मुलाला वाटतं. अशा प्रश्नावर मग मोकळ्या मनाने गुण देणं अवघडच जातं, कारण प्रश्नाचं तोंड मुळात मोकळं नव्हतं.

याच कवितेवर मी असं विचारलं असतं: ‘शेजारच्या होड्या पाण्यात उतरल्या, तरी आईने आपली होडी का उतरवली नसावी? कवितेतल्या किमान दोन ओळींच्या आधारे तुमचं मत लिहा.’ यात ‘नसावी’ हे मुद्दाम आहे. शक्यता मागितली आहे, खात्री नाही. दोन ओळी मागितल्या आहेत, म्हणजे मुलाला काय करायचं ते कळलं आणि तुम्हाला काय तपासायचं ते कळलं. शिवाय प्रश्न कवितेतल्या एका नेमक्या जागेवर बोट ठेवतो. कविता फिरते ती तिथेच. सगळ्या होड्या गेल्या, ही राहिली.

कवितेखाली एक छोटी टीपही हवी होती. तुमच्या वर्गात भंडारवाडीतली, खारवीवाड्यातली मुलं असतील तशी बाजारपेठेतली आणि बदलीवर आलेल्या नोकरदारांचीही असतील. पावसाळ्यात होडी पुळणीवर ओढून, उपडी घालून झापांनी शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मग होड्या काढतात, हे ज्याला घरातून माहीत आहे त्याला ही कविता अर्धी वाचलेलीच आहे. ज्याला माहीत नाही त्याला ‘पुनव’ म्हणजे नुसतं चांदणं. टीपेत एवढं दोन वाक्यांत दिलं की सगळे एका रेषेवर येतात. अर्थ सांगायचा नाही, रीत सांगायची.

आता मुख्य काम. पेपर छापायला जाण्याआधी शिक्षकाने स्वतः बसून अर्थ लिहून काढायचे, आणि प्रत्येक अर्थाला कोणती ओळ आधार देते, कोणती ओळ अडवते, तेही लिहायचं. नमुना उत्तर एकच लिहून ठेवण्यापेक्षा हे जास्त कामाला येतं. तुमच्या कवितेवर मी ते करून बघितलं.

पहिला अर्थ सरांचाच असावा: होडीवाला माणूस गेला. कवितेत वडिलांचा उल्लेखच नाही. सगळं आई करते, खुंट्या तीच बघते, नारळही तीच आणते. सगळ्यात भक्कम आधार ‘दर्याला न देता’ या शब्दांत आहे. ज्या दर्याने माणूस नेला त्याला आता नारळ कशाला, असा राग तिथे वाचता येतो. अडवते ती ‘रोज’ची ओळ. माणूस गेलाय आणि होडी जाणारच नाही, तर रोज खुंट्या कशाला बघायच्या? दोर सैल कशाला करायचा? उत्तर देता येतं, उदाहरणार्थ सवय सुटत नाही म्हणून. पण ते द्यावं लागतं.

दुसरा अर्थ: माणूस आहे, पण इथे नाही. आपल्याकडे हे सांगायला नको, निम्मी घरं चाकरमान्यांची. रोज खुंट्या बघणं आणि दोर सैल करणं म्हणजे तयारी. नारळ राखून ठेवलाय तो माणूस आल्यावर द्यायला. इथे अडचण अशी की मुंबईचं, नोकरीचं कवितेत अक्षर नाही. वाट बघणं ओळींत आहे, कुणाची ते नाही.

तिसरा अर्थ तुम्हाला सुचला नव्हता, खरं सांगते, मलाही पहिल्या वाचनात सुचला नाही. तो तुमच्या मुलाने लिहिलाय: कोंबडी खुडूक बसली आहे म्हणून होडी हलवलेली नाही. अंडी फुटेपर्यंत २१ दिवस तिला उठवत नाहीत, हे कोंबड्या पाळणाऱ्या घरात कुणालाही ठाऊक. शेवटच्या दोन ओळी शब्दशः घेतल्या तर अर्थ सरळ बसतो. नारळ देव्हाऱ्यात गेला कारण होडी पुढे कधीतरी निघणार आहे. म्हणजे ‘न देता ठेवला’ ही जी ओळ पहिल्या अर्थात राग होती, तीच इथे नुसती सबुरी झाली. आई एका जिवासाठी आपला धंदा थांबवते, असा मोठा अर्थही त्यातून निघतो. अडवतं काय? कोंबडीसाठी तीन आठवडे थांबायचं तर पावसाळाभर ‘रोज’ का? आणि होडी तीन आठवडे उशिरा काढणं घराला परवडतं का? कविता बोलत नाही.

आणि पडतो तो अर्थ असा. काही मुलांनी ‘पावसाळ्यात मासेमारी बंद असते म्हणून होडी उतरवली नाही’ असं लिहिलं असणार. नसेल लिहिलं तर पुढच्या वेळी लिहितील. बंदी खरी आहे, १ जून ते ३१ जुलै. मुलांनी ती घरात ऐकलेली असते. पण कविता सांगते की पुनव झाली आणि शेजारच्या होड्या उतरल्या. बंदी असती तर शेजारचेही गेले नसते. बाहेरची माहिती खरी आहे आणि तरी इथे अर्थ चुकलाय, कारण एक ओळ त्याला थेट खोडून काढते. ‘मग तुम्ही सगळंच बरोबर धरता का?’ असं पालकांनी विचारलं तर हेच उदाहरण द्या.

‘होडी फुटली असेल’ हा जरा वेगळा प्रकार. त्याला खोडणारी ओळ नाही, पण धरणारीही नाही. तो अंदाज आहे. खोडलेला अर्थ आणि निराधार अर्थ यांत फरक ठेवा, कारण निराधार अर्थाला मूल पुढे आधार देऊ शकतं.

आता ४ गुण. माझी वाटणी अशी असते. १ गुण प्रश्नाला दिलेल्या थेट उत्तराचा, म्हणजे दाव्याचा. पण हा गुण निदान एक ओळ सोबत असेल तरच. २ गुण पुराव्याचे, दोन ओळींना एकेक. त्यातला अर्धा योग्य ओळ दाखवल्याचा आणि अर्धा त्या ओळीतून हा अर्थ कसा निघतो ते सांगितल्याचा. उरलेला १ गुण न जुळणाऱ्या ओळीशी गाठ घातल्याचा: आपल्या अर्थाला अडचणीची ठरणारी ओळ मुलाने पाहिली आणि तिचं काहीतरी केलं, किंवा दुसरी शक्यता मांडून आपली का निवडली ते सांगितलं. चारपैकी चार फार कमी मुलांना पडतील, ते ठीक आहे. एक मात्र करा. ही वाटणी मुलांना परीक्षेआधी वर्गात एका दुसऱ्या कवितेवर करून दाखवा. शेवटच्या गुणासाठी काय हवं ते आधी माहीत नसेल तर तो गुण नशिबाचा होतो.

मधल्या अर्ध्या गुणावर सगळा तोल आहे. मुलं ओळ अवतरणात टाकतात आणि पुढे जातात. ‘आई रोज खुंट्या बघते यावरून आईचे दुःख दिसते.’ कसं दिसतं? ‘यावरून’ या शब्दाने काम उरकलंय. ओळ आणि अर्थ यांच्यामध्ये मुलाचं स्वतःचं एक वाक्य हवं. ते असेल तर पूर्ण गुण, नसेल तर अर्धा.

आता तुमची तीन उत्तरं घेऊ.

पहिल्या मुलीचं अक्षर सुंदर, पानभर उत्तर. ‘होडी हे दुःखाचे प्रतीक आहे. कवीने आईच्या अंतःकरणातील वेदना अत्यंत हृदयस्पर्शी शब्दांत मांडली आहे. वडील वादळात समुद्रात बुडाले असावेत. शेजारच्या होड्या पाण्यात उतरल्या पण यांची उतरली नाही, यावरून त्या घरात होडी नेणारे कोणी उरले नाही हे कळते.’ पुढे निसर्ग, मानवी जीवन, सुख-दुःखाचा लपंडाव वगैरे. तुम्ही ३½ दिलेत. माझ्या वाटणीने दावा १, ओळ एक आणि तिचं स्पष्टीकरण मिळून १, दुसरी ओळ नाही, न जुळणाऱ्या ओळीचा विचार नाही. एकूण २. ‘वादळात’ हे तिने पदरचं घातलंय. त्याबद्दल गुण कापू नका, पण त्याला गुणही नाही. ‘वडील नसावेत’ इथपर्यंत कविता तिच्यासोबत जाते, वादळापर्यंत जात नाही. हाच अर्थ घेऊन ‘दर्याला न देता’ या ओळीवर दोन वाक्यं लिहिली असती आणि अंड्यांवरच्या कोंबडीचं काहीतरी सांगितलं असतं, घर पुढे चाललंय असं का होईना, तर मी आनंदाने ४ दिले असते. अर्थात खोट नाही, त्याची मांडणी अर्धवट राहिली.

दुसऱ्या मुलाचं उत्तर पाच ओळींचं. ‘कोंबडी खुडूक बसली आहे. होडी हलवली तर अंडी जातील. आमच्या घरी पण कोंबडी बसली की तिला २१ दिवस कोणी उठवत नाही. आईने नारळ टाकला नाही, देवाजवळ ठेवला, म्हणजे ती नंतर होडी काढणार आहे.’ दुसऱ्या बाईंनी ½ दिलाय, शेजारी लाल शाईत ‘विनोद नको’. हा विनोद नाही हो, दावा १, कोंबडीची ओळ आणि तिचं कारण १, नारळाची ओळ आणि तिचं कारण १. न जुळणारी ओळ त्याने पाहिलेली नाही, म्हणून ३. घरचा अनुभव त्याने कवितेच्या जागी आणला नाही, कवितेतली ओळ उलगडायला आणला. बंदी लिहिणारा मुलगा आणि हा मुलगा दोघेही बाहेरची माहिती आणतात. एकाच्या माहितीला कविता खोडते, दुसऱ्याच्या माहितीने कविता उघडते.

तिसरं उत्तर मला सगळ्यात आवडलं. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, मधे एक वाक्य अर्धं घरच्या बोलीतलं. ‘घरातला माणूस मुंबईला गेला असेल. आई रोज खुंट्या बगते, दोर सैल करते म्हणजे तो येनार असे तिला वाटते. मेलेल्या माणसाची कोणी रोज वाट बघत नाही. नारळ पण ठेवला आहे, तो आला की देणार. पण मुंबई कवितेत नाही, ते मला वाटते.’ तुम्ही २ दिलेत, बहुधा ‘बगते’ आणि ‘येनार’ टोचले. दावा १, दोन ओळी कारणांसकट २, आणि शेवटचा गुण त्याने दोनदा कमावलाय: दुसरी शक्यता घेऊन ती नाकारली, आणि आपल्या अर्थातलं कुठलं पदरचं ते स्वतःच सांगितलं. ४ पैकी ४. शुद्धलेखनाचे गुण लेखनाच्या प्रश्नात ठेवा, इथे अर्थ तपासतोय. चूक शब्दाखाली रेघ मारा, गुण मात्र सोडून द्या.

‘मेलेल्या माणसाची कोणी रोज वाट बघत नाही’ या वाक्यावर सर कदाचित हरकत घेतील, बघतात म्हणून. बघतातही. पण मुलाने कारण दिलंय आणि ते ओळीला धरून आहे. त्याचं कारण आपल्याला पटलं पाहिजे अशी अट नाही.

तिघांचे गुण बघा: ३½, ½, २ होते, ते २, ३, ४ झाले. एवढी उलथापालथ होते तेव्हा बहुतेक वेळा परीक्षक भाषेच्या सफाईला आणि स्वतःच्या लाडक्या अर्थाला गुण देत असतो. हे ओळखायची खूण सोपी आहे. लांब उत्तरांचे आणि छोट्या उत्तरांचे गुण शेजारी मांडा. छोटं उत्तर एकही ३ च्या वर गेलं नसेल तर लांबी मोजली गेली. तुमच्याशी जुळणारे अर्थ वर आणि न जुळणारे खाली, असं दिसलं तर काय मोजलं गेलं ते सांगायला नको.

दोन तुकड्यांत फरक पडू नये म्हणून तपासायची रीतही बदला. गठ्ठ्यातून सहा-सात उत्तरं काढा, शक्यतो वेगवेगळ्या अर्थांची, आणि दोघींनी स्वतंत्र कागदावर गुण द्या, उत्तरपत्रिकेवर नाही. मग कागद शेजारी ठेवा. १ गुणापेक्षा जास्त फरक आला तर भांडा, पण ‘मला वाटतं’वर नाही, ‘कुठली ओळ’वर. बोर्डाच्या कामात नियामक परीक्षकाशी हेच करतो, शाळेत आपण वेळ नाही म्हणून सोडून देतो. दुसरं, एका मुलाचा पूर्ण पेपर एकदम तपासू नका. आधी सगळ्यांचा हा एकच प्रश्न तपासा. नाहीतर पहिल्या पानावरचा चांगला निबंध शेवटच्या पानावरच्या कवितेला गुण देऊन जातो. आणि गठ्ठा संपला की पहिली चार-पाच पुन्हा उघडा. सुरुवातीला हात आखडता असतो, मधे सैल होतो, जेवणानंतर तर विचारूच नका.

तपासताना तुम्ही न लिहिलेला चौथा अर्थ आला तर गोंधळू नका. आधी विचारा, कोणती ओळ याला खोडते? खोडत नसेल तर, कोणत्या ओळी याला धरतात? धरत असतील तर तो अर्थ तुमच्या यादीत घाला आणि दुसऱ्या बाईंना लगेच सांगा. नाहीतर तिकडच्या तुकडीत तोच अर्थ नापास होईल.

हे सगळं फक्त अर्थाच्या प्रश्नाला लागू आहे. ‘शेजारच्या होड्या कधी उतरल्या?’ याला पुनवेनंतर हे एकच उत्तर. आकलनाच्या कृतीत दोन अर्थांची मुभा देऊ नका. रसग्रहणाची गोष्ट थोडी निराळी, तिथे भाषेच्या आणि शैलीच्या निरीक्षणालाही गुण असतात, ही वाटणी तशीच्या तशी तिकडे नेऊ नका.

आता हातात असलेल्या पेपरांचं. प्रश्नाचा घाट बंद होता ही मुलांची चूक नाही, म्हणून या वेळी दोन्ही तुकड्यांचा हा एकच प्रश्न नव्याने तपासा. ज्यांचे गुण वाढतील त्यांचे वाढवा, ज्यांचे कमी होतील त्यांचे आहेत तसेच राहू द्या. दोन ओळींचा आधार त्यांच्याकडून मागितलाच नव्हता, तो न दिल्याबद्दल आता कापता येणार नाही. त्या मुलीचे ३½ राहतील, पण तिच्या उत्तराशेजारी पेन्सिलीने दोन प्रश्न लिहा: ‘वादळ कुठल्या ओळीत आहे?’ आणि ‘कोंबडीचं काय?’ कोंबडीवाल्या मुलाच्या पानावरची लाल शाई मात्र नुसती खोडू नका. ज्या बाईंनी लिहिली त्यांनीच त्याला गुण का वाढले ते वर्गात सांगितलं तर बरं. पालक पुन्हा आले तर गुणांची वाटणी आणि कविता दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा, आणि त्यांच्या मुलाच्या उत्तरातली ओळ त्यांनाच शोधायला सांगा.